हाउसकीपिंगचा इंटर्नशिप रिपोर्ट: या चुका टाळा

व्हायव्हाच्या दिवशी टेबलावर रिपोर्टचा गठ्ठा येतो आणि मी प्रत्येक रिपोर्ट मागून उघडते. पुढच्या पानांवर काय असणार ते माहीत असतं: हाउसकीपिंगची व्याख्या, विभागाचं महत्त्व, एक्झिक्युटिव्ह हाउसकीपरची कर्तव्यं, सफाईच्या साहित्याचे प्रकार. हे सगळं दुसऱ्या सेमिस्टरच्या पुस्तकात आहे. समोर बसलेल्या मुलाला विचारलं, "तुझ्या मजल्यावर किती खोल्या होत्या? तुला एका शिफ्टमध्ये किती मिळायच्या?" की तो घडाघडा बोलतो. चार आठवडे त्याने खरंच बेड लावलेत, ट्रॉली ओढलीय, पण त्यातलं काहीच रिपोर्टात उतरलेलं नसतं. मी आधी बरीच वर्षं हॉटेलात हाउसकीपिंगमध्ये काढली आणि आता बाहेरची परीक्षक म्हणून जाते, त्यामुळे हे पाहून जीव हळहळतो.

पुस्तक उतरवणं

एक साधी कसोटी आहे. पानावरचं हॉटेलचं नाव झाकून दुसऱ्या कुठल्याही हॉटेलचं नाव घातलं तरी पान तसंच खरं राहत असेल, तर ते पान काढून टाका. "प्रथम दारावर टकटक करावी, मग पडदे उघडावेत, मग बेड स्ट्रिप करावा" हा क्रम सगळीकडे जवळजवळ सारखाच असतो. तो एका परिच्छेदात आटोपला तरी चालतं. बाकीची जागा तुमच्या मजल्याला द्या.

एका मुलीने मात्र हे सुंदर लिहिलं होतं. पहिल्या आठवड्यात तिला चेकआउटची एक खोली करायला 70 मिनिटं लागायची, चौथ्या आठवड्यात 40. वेळ कुठे वाचला, ते तिने नोंदवलं होतं. सुरुवातीला ती एका खोलीसाठी ट्रॉलीकडे सहा फेऱ्या मारायची. तिच्यासोबतच्या ताईंनी शिकवलं की जुनं लिनन गोळा करताना तोंडाने मोजत जायचं, ते ट्रॉलीच्या पिशवीत टाकायला गेलीस की त्याच फेरीत तेवढंच नवं उचलून आणायचं. फेऱ्या दोनवर आल्या. बाथरूमची फरशी ओली असताना केस दिसत नाही, कोरड्या फडक्याने पुसून दाराजवळून वाकून पाहिलं की दिसतो, हेही त्यात होतं. इन्स्पेक्शनमध्ये तिच्या खोल्या परत यायच्या त्या याच कारणाने. हे वाचल्यावर ती मजल्यावर होती की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

केमिकलच्या तक्त्याचंही तेच. आर-वन बाथरूमला, आर-टू फर्निचर सोडून बहुतेक पृष्ठभागांना, आर-थ्री काचेला, आर-सिक्स कमोडला, हा तक्ता जवळजवळ प्रत्येक रिपोर्टात असतो, हॉटेलात दुसऱ्याच कंपनीचा माल वापरत असले तरी. पँट्रीतल्या कॅनवर काय नाव आहे ते पाहा, पाण्यात किती मिसळायचं ते लेबलवरून घ्या आणि एखादी गोष्ट स्वतः पाहिलेली लिहा. कमोडचं क्लीनर आम्लाचं असतं, ते संगमरवरावर सांडलं तर चकाकी जाते आणि पुसून परत येत नाही. कुठे सांडलेलं पाहिलं असेल तर तेवढी दोन वाक्यं तक्त्यापेक्षा मोलाची आहेत.

"समस्या आणि सूचना" हे प्रकरण वाऱ्यावर सोडणं

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. "स्टाफ कमी आहे, भरती करावी. लिनन कमी पडतं, नवीन घ्यावं." असं लिहिलेलं पान मला रोज दिसतं. तक्रार खरी असते, पण तिच्या मागे मोजणी नसते. एकच समस्या घ्या, पण ती तळापर्यंत न्या. लिननचंच उदाहरण पूर्ण करून दाखवते.

समजा हॉटेल 80 खोल्यांचं आहे आणि प्रत्येक खोलीत दोन बाथ टॉवेल लागतात. सगळ्या खोल्या एकदा भरायला 160 टॉवेल लागले, हा झाला एक पार. लिनन रूमच्या रजिस्टरला तीन पार, म्हणजे 480 टॉवेल. एक पार खोल्यांत, एक लाँड्रीत, एक कपाटात. कागदावर सगळं ठीक. तरी रोज साडेबारानंतर अटेंडंट पँट्रीत टॉवेलची वाट पाहत उभे राहतात आणि डेस्कला फ्रंट ऑफिसचे फोन सुरू होतात.

आता मोजायला लागा. महिनाअखेरीच्या स्टॉक टेकिंगला बसायला मिळालं तर सोडू नका, नाहीतर लिनन रूमच्या सुपरवायझरची परवानगी घेऊन एका प्रकारापुरती मोजणी करा. समजा प्रत्यक्षात 410 टॉवेल निघाले. त्यातले 160 खोल्यांत लावलेले. काल 72 खोल्या भरलेल्या होत्या, म्हणजे 144 टॉवेल बाहेरच्या लाँड्रीत गेलेत आणि लाँड्रीची गाडी दुपारी दोनला येते. 410 मधून 160 आणि 144 वजा केले की सकाळी हातात उरतात 106. इतक्यात 53 खोल्या होतात. आज 72 करायच्या असतील तर 19 खोल्या गाडी येईपर्यंत अडकणार. अटेंडंट रोज एकाच वेळेला का थांबतात, त्याचं उत्तर या वजाबाकीत आहे.

इथून सूचना आपोआप निघतात, आणि त्या एकापेक्षा जास्त असतात. तीन पार खरोखर असते, तर 480 मधून तीच वजाबाकी करून 176 उरले असते आणि 144 ची गरज भागली असती. म्हणजे गायब 70 टॉवेल भरून काढणं हा एक उपाय. पण गाडी सकाळी दहाला आली तर एकही टॉवेल विकत न घेता काम भागतं, म्हणून तो उपाय आधी मांडा. आणि 70 टॉवेल गेले कुठे? काही फाटून बाद झाले पण बाद रजिस्टरला नोंद नाही, काही स्विमिंग पुलाकडे उसने गेले, काही कापून पुसणी झाली. बाद रजिस्टर पाहून जेवढं सापडेल तेवढंच लिहा, उरलेला आकडा "हिशोब लागला नाही" म्हणून सरळ द्या. टॉवेल परत वापरण्याचं कार्ड बाथरूममध्ये असेल तर रोज सगळेच टॉवेल बदलत नाहीत, तेव्हा 144 हा वरचा आकडा धरलाय हेही नमूद करा. मर्यादा स्वतःहून सांगितली की पुढचा प्रश्न विचारायला जागा उरत नाही.

व्हायव्हात हमखास अडकवणारा शब्द

रूम स्टेटसचा भाग नीट लिहिला नसेल तर तिथे गाडी अडते. सकाळी अटेंडंट खोल्या तपासून हाउसकीपिंग रिपोर्ट भरतात, डेस्क तो फ्रंट ऑफिसच्या नोंदींशी ताडून पाहतो आणि फरक निघाला की डिस्क्रेपन्सी रिपोर्ट होतो. इथपर्यंत सगळे बरोबर लिहितात. गोंधळ "स्लीपर" आणि "स्किपर" यांचा.

पाठ्यपुस्तकात स्लीपर म्हणजे पाहुणा बिल भरून गेला, पण फ्रंट ऑफिसने स्टेटस बदललं नाही, म्हणून खोली कागदावर भरलेलीच राहिली. स्किपर म्हणजे बिल न भरता निघून गेलेला. दोन्हींत फ्रंट ऑफिसला खोली भरलेली दिसते आणि हाउसकीपिंगला रिकामी. पण अनेक हॉटेलांत ऑपेरा सॉफ्टवेअर असतं आणि त्यात `Sleep` चा अर्थ उलटा आहे: फ्रंट ऑफिसला खोली रिकामी, हाउसकीपिंगला भरलेली. `Skip` म्हणजे फ्रंट ऑफिसला भरलेली, हाउसकीपिंगला रिकामी, बिलाचं काहीही असो. मुलं व्याख्या पुस्तकातली लिहितात आणि परिशिष्टात ऑपेराचा रिपोर्ट जोडतात. एकाच रिपोर्टात दोन अर्थ, आणि विचारल्यावर गप्प. तुमच्या हॉटेलात कोणता अर्थ चालायचा ते लिहा, पुस्तकातला वेगळा आहे हे एका वाक्यात सांगा. पाहुणा नोंदलेला आहे, सामान आहे, पण बेड वापरलेला नाही, तो "स्लीप आउट". तो या दोघांत मिसळू नका.

मांडणी, तारखा आणि फोटो

मांडणीसाठी कॉलेजचा नमुना असेल तर तोच पाळा. नसेल तर हॉटेलची ओळख दोन-तीन पानांत संपवा: खोल्यांची संख्या आणि प्रकार, कोणत्या प्रकारचे पाहुणे येतात, लाँड्री आत आहे की बाहेर. पुढे विभागाचा तक्ता काढताना त्या वेळी प्रत्यक्ष भरलेली पदंच दाखवा, असिस्टंट हाउसकीपर नव्हता तर तो चौकोन नको. त्यानंतर मजले, पब्लिक एरिया, लिनन रूम आणि डेस्क, ज्या क्रमाने तुम्हाला ड्युटी लागली त्या क्रमाने. डेस्कला दोनच दिवस बसवलं असेल तर दोन दिवसांइतकंच लिहा.

सर्टिफिकेटवरच्या तारखा, हजेरी आणि लॉगबुक जुळतात का ते बाइंडिंगच्या आधी तपासा. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी "आज बारा खोल्या केल्या" अशी नोंद निघाली की सगळ्या लॉगबुकावरचा विश्वास उडतो.

रोजच्या नोंदी केल्याच नसतील तर मनाने भरू नका. ड्युटी रोस्टर, ग्रुपवरचे मेसेज, सोबतच्या ट्रेनीच्या वह्या आणि सुपरवायझरला एक फोन एवढ्यावरून निम्मं तरी परत उभं राहतं. दिवसवार जमत नसेल तर आठवडेवार लिहा आणि तसं लिहिलंय हे कळवा.

परिशिष्टात कोरे फॉर्म जोडण्यापेक्षा भरलेला एक असाइनमेंट शीट जोडा, पण हॉटेलची परवानगी घेऊन आणि पाहुण्यांची नावं झाकून. झाकायचं म्हणजे काळ्या पेनाने नाही, त्याची झेरॉक्स काढली किंवा पान उजेडासमोर धरलं तर नाव वाचता येतं. नावावर पांढरा कागद चिकटवा, त्याची झेरॉक्स काढा आणि ती जोडा. खोलीचे फोटो घेताना पाहुण्याचं सामान, टेबलावरचं बिल, आरशातलं प्रतिबिंब पाहून घ्या. शक्यतो तयार रिकाम्या खोलीचाच फोटो घ्या, आणि खाली मजला, तारीख आणि ती खोली तुम्ही केली होती का, एवढं लिहा.