सोमवारच्या बैठकीसाठी पाच आकडे: व्हिडिओ टीमचा डॅशबोर्ड असा मांडा

कोल्हापूरच्या कारागिरांवर आणि खाण्यापिण्यावर आम्ही चौघं व्हिडिओ करतो. दर शुक्रवारी संध्याकाळी सहाला एक मोठा व्हिडिओ जातो, मधल्या दिवसांत तीन-चार शॉर्ट्स. पहिलं वर्षभर आमच्या शीटवर तेवीस आकडे होते. सोमवारी ती शीट उघडायची, प्रत्येकानं आपल्या सोयीचा आकडा उचलायचा आणि तासाभरानं चहा पिऊन उठायचं. ठरायचं काहीच नाही. आता शीटवर पाच आकडे आहेत आणि बैठक वीस मिनिटांत संपते. ते पाच कसे निवडले आणि कसे मांडले, ते सांगतो. आठवड्याला एखादा मोठा व्हिडिओ यूट्यूबवर टाकणाऱ्या कुठल्याही छोट्या टीमला ही पद्धत चालेल.

पहिली पायरी: आकड्याआधी निर्णय लिहा

एका कागदावर लिहा की सोमवारी तुमच्या हातात खरोखर काय काय बदलणं असतं. आमच्या कागदावर पाचच गोष्टी आल्या: पुढचा विषय, थंबनेल आणि शीर्षक, व्हिडिओची सुरुवात, कामाची वाटणी आणि जुन्या व्हिडिओंची डागडुजी. मग प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारायचा: हा घसरला तर यातलं नेमकं काय बदलू? उत्तर आलं नाही, तर आकडा कितीही आवडता असला तरी शीटवरून काढायचा.

या प्रश्नापुढे सबस्क्रायबर टिकले नाहीत. ते कमी वाढले म्हणून सोमवारी करण्यासारखं वेगळं काही निघत नव्हतं. चॅनेलचे एकूण व्ह्यूजही गेले. त्यात शॉर्ट्स आणि मोठे व्हिडिओ एकत्र मोजले जातात, आणि 31 मार्च 2025 पासून शॉर्ट नुसता सुरू झाला किंवा पुन्हा फिरला तरी व्ह्यू धरला जातो. एखादा शॉर्ट उसळला की एकूण आकडा फुगतो आणि मोठा व्हिडिओ आपटलेला कळतच नाही. शॉर्ट्सचा हिशेब वेगळ्या शीटवर ठेवा. त्यांच्या फीडमध्ये थंबनेलवर क्लिक करणं हा प्रकारच नसतो, त्यामुळे पुढचे आकडे तिथे लागू पडत नाहीत.

दुसरी पायरी: पाच आकडे

पहिला, मोठ्या व्हिडिओचे पहिल्या सात दिवसांतले व्ह्यूज. दुसरा, त्याच सात दिवसांतला सीटीआर, म्हणजे थंबनेल दिसलेल्या दर शंभर वेळांपैकी किती वेळा क्लिक झालं. तिसरा, तिसाव्या सेकंदाला किती टक्के प्रेक्षक उरले. चौथा, शूट संपल्यापासून व्हिडिओ प्रसिद्ध होईपर्यंत गेलेले दिवस. पाचवा, चार आठवड्यांहून जुन्या व्हिडिओंना या आठवड्यात मिळालेले व्ह्यूज.

सीटीआरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुकीचे निर्णय याच आकड्यावर होतात. थंबनेल किमान अर्धं, एक सेकंदापेक्षा जास्त वेळ दिसलं की यूट्यूब एक इम्प्रेशन मोजतं. निम्म्या चॅनेल्सचा सीटीआर 2 ते 10 टक्क्यांच्या दरम्यान असतो, असं यूट्यूबच सांगतं. मात्र व्हिडिओ अनोळखी लोकांपुढे जाऊ लागला की तो साहजिकच उतरतो. समजा एका व्हिडिओला 12,000 इम्प्रेशन्सवर 7 टक्के मिळाले आणि दुसऱ्याला 90,000 वर 4.1. पहिल्याला 840 क्लिक झाले, दुसऱ्याला 3,690. नुसता टक्का बघून दुसऱ्याचं थंबनेल बदललं, तर चांगल्या चाललेल्या गाडीला आपणच खीळ घालू. म्हणून सीटीआरच्या चौकोनात इम्प्रेशन्स बारीक अक्षरात लिहाच. तो सहावा आकडा होत नाही, सीटीआर वाचायला लागणारा संदर्भ आहे.

चौथा आकडा एवढा एकच यूट्यूबमधून येत नाही, तो आपल्या वहीतून येतो. प्रेक्षक काय करतील ते आपल्या हातात नसतं, पण फुटेज व्हॉइसओव्हरची वाट बघत पाच दिवस पडून राहिलं तर ते आपलंच काम असतं.

तिसरी पायरी: आठवडा कुठे तोडायचा

यूट्यूब स्टुडिओचा दिवस आपल्या मध्यरात्री बदलत नाही. तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर चालतो, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबाराला आणि तिकडच्या हिवाळ्यात दीडला उलटतो. शिवाय आकडे स्थिरावायला दोनेक दिवस जातात. सोमवारी सकाळी रविवारपर्यंतचे आकडे काढले तर ते अर्धवट निघणार. आम्हाला हे माहीत नव्हतं, आणि दर सोमवारी आठवड्याची शेपूट खाली पडलेली बघून आम्ही उगाच धास्तावायचो.

आता आमचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार आहे. स्टुडिओत `Advanced mode` उघडून त्याच सात तारखा टाकायच्या. सोमवारी दहाला ते आकडे बसलेले असतात. याचा अर्थ असा, की बैठकीत दहा दिवसांपूर्वीचा व्हिडिओ बघायचा, परवाच्या शुक्रवारचा नाही. ताज्या व्हिडिओला तीन दिवसही झालेले नसतात. त्याला सात दिवस पूर्ण झालेल्यांच्या शेजारी बसवलं तर तो कायम पडलेलाच दिसणार.

चौथी पायरी: तुलना मध्यकाशी

आमच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या व्हिडिओनं एकदा नेहमीच्या बारा पट व्ह्यूज खेचले. त्यानंतर दोन-अडीच महिने प्रत्येक व्हिडिओ सरासरीच्या खालीच दिसत होता, कारण त्या एकानं सरासरी वर ओढून ठेवली होती. म्हणून सरासरी नको, मागच्या दहा व्हिडिओंचा मध्यक घ्या. दहा व्हिडिओ चढत्या क्रमानं लावले की मधोमध जे दोन आकडे येतात, त्यांची सरासरी. गूगल शीट्समध्ये मागचे दहा व्हिडिओ C2 ते C11 मध्ये आणि या आठवड्याचा C12 मध्ये असेल, तर D12 आणि E12 मध्ये हे टाका:

```
=C12/MEDIAN(C2:C11)
=IF(D12<0.8,"पाहा",IF(D12>1.3,"शिका",""))
```

व्ह्यूजसाठी 0.8 ठीक आहे. सीटीआर आणि तीस सेकंदांचा टक्का कमी हलतो, तिथे आम्ही 0.9 धरतो. दिवसांच्या आकड्याला “पाहा” आणि “शिका” यांची अदलाबदल करा, तिथे वाढणं वाईट. आकडा पट्ट्यात असेल तर चौकोन कोरा राहतो, आणि कोऱ्या चौकोनावर बैठकीत बोलायचं नाही. वेळ वाचतो तो मुख्यतः या नियमानं.

पाचवी पायरी: मांडणी

मोबाईलच्या एका पडद्यावर सगळं मावलं पाहिजे. वर पूर्ण रुंदीत व्ह्यूज. त्याखाली शेजारी शेजारी सीटीआर आणि तीस सेकंद, कारण व्ह्यूज का पडले ते आधी याच दोघांना विचारायचं असतं. सगळ्यात खाली दिवस आणि जुने व्हिडिओ. प्रत्येक चौकोनात आकडा, मध्यक आणि एक रिकामी ओळ: निर्णय काय आणि कोण करणार. आलेख आम्ही ठेवला नाही. आलेख दिसला की त्याच्या प्रत्येक वळणाची गोष्ट सांगायचा मोह होतो.

ही मांडणी उपयोगी कशी पडते, ते आमच्या कोल्हापुरी चपलेच्या व्हिडिओवरून सांगतो. सात दिवसांत 6,300 व्ह्यूज, मध्यक 9,200. गुणोत्तर 0.68, चौकोनात “पाहा”. आमचा एडिटर लगेच म्हणाला, “दादा, थंबनेल बदलूया की. चप्पल नीट दिसंना त्यात.” जुन्या शीटवर आम्ही तेच केलं असतं. पण खालच्या ओळीत सीटीआर 6.1 होता, मध्यक 5.4, म्हणजे लोक थंबनेलवर नेहमीपेक्षा जास्तच क्लिक करत होते. त्याच्या शेजारच्या चौकोनात मात्र “पाहा” होतं: तिसाव्या सेकंदाला 47 टक्के, मध्यक 64.

सगळ्यांनी मिळून व्हिडिओ लावला. रंकाळ्यावरून फिरणारा ड्रोन, त्यावर संगीत, पूर्ण बावीस सेकंद. वेणी घालणारा कारागिराचा हात दिसेपर्यंत चपलेसाठी आलेला माणूस निघून गेला होता. लोक असे लवकर परतले की यूट्यूब व्हिडिओ पुढे दाखवणंही कमी करतं, व्ह्यूज बहुधा त्यामुळेच आटले. रंकाळ्याचा तो शॉट घ्यायला पहाटे पाचला उठलो होतो, त्यामुळे कापताना वाईट वाटलं, पण स्टुडिओच्या `Editor` मधून ती बावीस सेकंदं काढली. लिंक आणि व्ह्यूज तसेच राहतात. एक लाख व्ह्यूज ओलांडलेला व्हिडिओ मात्र असा कापता येईलच असं नाही, यूट्यूबच्या भागीदार कार्यक्रमात नसलेल्या चॅनेलला तिथे अडचण येते. कापल्यानंतर त्या व्हिडिओच्या आकड्यात दोन्ही रूपं मिसळतात, म्हणून शीटवर तशी खूण केली आणि खरी परीक्षा पुढच्या व्हिडिओवर ठेवली. तो गुऱ्हाळाचा होता. काहिलीतला पाक ओतण्याच्या क्षणापासूनच सुरू केला. तिसाव्या सेकंदाला 66 टक्के उरले.

एका आठवड्यावर किती मोठा निर्णय घ्यावा, यालाही मर्यादा आहे. थंबनेल, शीर्षक, सुरुवातीची काटछाट ही स्वस्त कामं आहेत, फसली तर परत फिरवता येतात. ती एका “पाहा”वर करून टाका. विषयांची दिशा बदलणं किंवा कुणाचं काम बदलणं महागात पडतं. त्यासाठी एकाच चौकोनात सलग तीन आठवडे “पाहा” येऊ द्या.

जुन्या व्हिडिओंचा चौकोन वेगळ्या रीतीनं वाचावा लागतो, कारण त्यावर गावाचं कॅलेंडर चालतं. अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर असा वर्षातून दोनदा येतो. त्या आठवड्यांत आमचा जुना किरणोत्सवाचा व्हिडिओ आपोआप वर येतो आणि चौकोनात “शिका” उमटतं. त्यात आपलं नवं कौतुक काही नसतं, म्हणून कारण शेजारी लिहून ठेवतो. पण काम निघतं: वर्णनातल्या तारखा-वेळा तपासायच्या आणि शेवटच्या पडद्यावर नव्या व्हिडिओची लिंक लावायची. हे आदल्या सोमवारी झालं तरच उपयोग, म्हणून या तारखा शीटच्या तळाशी आधीच लिहिलेल्या आहेत.

दर तिमाहीला आम्ही निर्णयांच्या ओळी वाचून काढतो. ज्या चौकोनाखाली तीन महिन्यांत एकही निर्णय लिहिला गेला नाही, तो आकडा जातो आणि त्याच जागी दुसरा येतो. सहावा चौकोन मात्र वाढवत नाही.