रेंडरमधलं पक्कं काय, हे आधी विचारलं

बाणेरच्या फ्लॅटमध्ये टीव्हीमागची भिंत व्हिनियरची होती, म्हणजे प्लायवर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याची. रेंडरमध्ये, म्हणजे डिझायनरने कॉम्प्युटरवर केलेल्या चित्रात, ती जमिनीपासून छतापर्यंत एकसंध, कुठे सांधा नाही. उंची सव्वानऊ फूट आणि शीट आठ फुटांची, म्हणजे सांधा येणारच. आधीच्या एका साइटवर मी तो माझ्या अंदाजाने सोफ्याच्या वर, नजरेच्या रेषेत घेतला होता आणि आख्खी भिंत खोलावी लागली. व्हिनियर एकदा चिकटलं की धड निघत नाही, पैसे माझेच गेले.

म्हणून या वेळी प्लाय कापायच्या आधी रेंडरची प्रिंट काढली, लाल पेनाने गोल केले आणि डिझायनर मॅडमना लिहिलं:

"मॅडम, सांधा येणार आहे. सात फुटांवर, दाराच्या चौकटीच्या रेषेत सहा मिलिमीटरची खाच देऊन घेऊ का? लाकडाचे रेषे उभे हवेत हे पक्कं की फक्त चित्रात तसे आलेत? छताच्या कोव्हमधल्या दिव्यांचा उजेड पिवळसर दिसतो, तो ३००० केल्विनच धरू का? भिंतीच्या तळाशी स्कर्टिंग दिसत नाही, ते मुद्दाम काढलंय की राहून गेलंय? कुंडी आणि पडदे मी सजावटीचे समजतो."

तासाभरात उत्तर आलं. खाच आणि उभे रेषे पक्के. उजेड फक्त मूडसाठी, घरमालक ४००० मागतायत. स्कर्टिंग मात्र खरंच राहून गेलं होतं! ते नसतं तर फरशी पुसताना पाणी लागून प्लायची खालची कड फुगली असती, ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी सुताराला माप दिलं.