फौजदारी खटल्याची तारीख येण्यापूर्वीची तयारी : समन्स, वॉरंट की सत्र खटला?

प्रकरण हाती आल्यावर प्रथम कलमाची कमाल शिक्षा पाहावी. दोन वर्षांहून अधिक कारावास, जन्मठेप किंवा मृत्युदंड असेल तर तो वॉरंट खटला, अन्यथा समन्स खटला होय. गुन्हा सत्र न्यायालयानेच चालवण्याजोगा आहे का, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या परिशिष्टात तपासावे. ही संहिता लागू झाली त्या १ जुलै २०२४ रोजी प्रलंबित असलेले खटले मात्र जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसारच पुढे चालतात, म्हणून आधी तारीख पाहून घ्यावी.

समजा, भांडणात एकाला हाताने मारहाण झाली. केवळ दुखापत असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) खाली कमाल शिक्षा एक वर्षाची, म्हणजे समन्स खटला. येथे औपचारिक दोषारोप ठेवण्याची गरज नसते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७४ प्रमाणे आरोपाचा सारांश सांगून कबुली विचारली जाते आणि नकार असल्यास थेट पुराव्यास सुरुवात होते. खटला खासगी तक्रारीवर असेल तर तक्रारदाराच्या हजेरीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तो गैरहजर राहिल्यास, हजर होण्यासाठी तीस दिवसांची मुदत दिल्यानंतर, कलम २७९ खाली आरोपीची निर्दोष मुक्तता होऊ शकते.

एक्स-रेमध्ये हाताचे हाड मोडल्याचे दिसले, तर न्याय संहितेचे गंभीर दुखापतीचे कलम ११७(२) लागते, शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते आणि खटला वॉरंट पद्धतीने चालतो. दोषारोपपत्राच्या प्रती मिळाल्या की डिस्चार्जचा, म्हणजे दोषारोप ठेवण्याआधीच आरोपमुक्त करण्याचा, अर्ज साठ दिवसांत द्यायचा असतो, आणि नवख्या वकिलाकडून निसटते ती नेमकी हीच मुदत. प्रती मिळाल्याचा दिवस त्याच दिवशी फाईलवर लिहून ठेवावा. त्यानंतर दोषारोप निश्चिती, सरकार पक्षाचे साक्षीदार व त्यांचा उलटतपास, आरोपीचा जबाब, बचावाचा पुरावा आणि निकाल असा क्रम येतो. खासगी तक्रारीवरच्या वॉरंट खटल्यात मात्र क्रम उलटा असतो: तक्रारदाराचा पुरावा आधी होतो आणि त्यावरून दोषारोप ठेवायचा की नाही ते ठरते, त्यामुळे तेथील पहिल्या उलटतपासाची तयारी आधीच करून ठेवावी लागते.

पोलिसांनी त्याच भांडणात न्याय संहितेचे खुनाच्या प्रयत्नाचे कलम १०९ लावले, तर दंडाधिकारी प्रकरण सत्र न्यायालयाकडे कमिट करतात, म्हणजे सुनावणीसाठी सोपवतात. तेथे सरकारी वकील प्रकरणाची मांडणी करतात, आणि डिस्चार्जची साठ दिवसांची मुदत कमिट झाल्यापासून मोजली जाते. बचावाने या टप्प्यावर वैद्यकीय प्रमाणपत्र आणि साक्षीदारांचे जबाब शेजारी ठेवून जीवे मारण्याचा हेतू दिसतो का ते वाचावे. जखम किरकोळ आहे एवढ्यावरच कलम गळत नाही, कारण प्रश्न हेतूचा असतो. हेतूला आधार नसेल, तर दोषारोप केवळ ११७(२) खाली ठेवून प्रकरण मुख्य न्याय दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे, असा युक्तिवाद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५१ वर करता येतो. मग ते परत वॉरंट खटल्याच्या पद्धतीने चालते.