तीन वर्षांची बीएस्सी आणि जर्मनीतलं मास्टर्स: क्रेडिटचा हिशोब कसा लागतो

रत्नागिरी, कणकवली किंवा सावंतवाडीच्या कॉलेजातून बीएस्सी झालेल्यांची पहिली चूक ठरलेली. मार्कशीटवर १२० क्रेडिट दिसतात, जर्मन विद्यापीठाच्या पानावर १८० मागितलेले असतात, आणि साठ कमी पडले म्हणून अर्ज तिथेच थांबतो. काहीजण उलट बाजूने फसतात. अमेरिकेतली पदवीही साधारण १२० क्रेडिटची असते, म्हणून आपली तिच्याबरोबरीची असं ते धरून चालतात. पण तिथले १२० चार वर्षांचे, आपले तीन वर्षांचे. आकडा एकच आला हा निव्वळ योगायोग.

आंब्याच्या पेटीवरून हे चटकन कळेल. एकाची पेटी सहा डझनाची, दुसऱ्याची चार डझनाची. पहिल्याने १२० पेट्या पाठवल्या आणि दुसऱ्याने १८०, तरी आंबे सारखेच. युरोपातलं क्रेडिट, म्हणजे ईसीटीएस, ही लहान पेटी आहे. पूर्णवेळ शिक्षणाच्या एका वर्षाला ६० ईसीटीएस, आणि एका ईसीटीएसमागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास. यात वर्गात बसणं, प्रॅक्टिकल, घरचा अभ्यास, परीक्षेची तयारी असं सगळं धरलेलं असतं. आपल्याकडे आठवड्याला एक तास थिअरी, सेमिस्टरभर, म्हणजे साधारण १५ तासिका, की एक क्रेडिट झालं. घरचा अभ्यास त्या आकड्यात दिसत नाही. म्हणून आपलं क्रेडिट मोठं.

नेहमीचा हिशोब असा: सहा सेमिस्टरची पूर्णवेळ पदवी म्हणजे १८० ईसीटीएस, भागिले तुमची एकूण क्रेडिट. मुंबई विद्यापीठाच्या १२० क्रेडिटच्या पदवीला गुणक येतो १.५. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात सेमिस्टरला २२ क्रेडिट असतील तर तीन वर्षांची १३२ होतात आणि गुणक १.३६ वर उतरतो. मित्राने दीड वापरला म्हणून तुम्ही वापरू नका. आपल्या मार्कशीटवरची बेरीज स्वतः करा. हा गुणक कुठल्या सरकारी आदेशात नाही. शेवटचा शब्द त्या अभ्यासक्रमाच्या समितीचा.

अर्ज कुठे करायचा ते ठरवताना एक बेरीज लक्षात ठेवा. जर्मनीत पदवी आणि मास्टर्स मिळून ३०० ईसीटीएस व्हावे लागतात. चार सेमिस्टरचं मास्टर्स १२० चं असतं, त्यामुळे तीन वर्षांची पदवी तिथे नीट बसते. तीन सेमिस्टरचं मास्टर्स ९० चं, आणि त्याला आधी २१० लागतात. तुमच्याकडे १८० आहेत. काही ठिकाणी उरलेले ३० तिथे येऊन पूर्ण करू देतात, काही ठिकाणी अर्ज सरळ बाजूला पडतो. ‘दीड वर्षात संपतं’ म्हणून असले अभ्यासक्रम निवडणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

एकूण १८० जमले की काम झालं असं मात्र नाही. खरी गाळणी विषयवार क्रेडिटची असते, आणि नकार बहुतेक तिथेच मिळतो. एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून बघू.

समजा, केमिस्ट्रीचा विद्यार्थी आहे. एफवायला केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स. एसवायला केमिस्ट्री, फिजिक्स. टीवायला फक्त केमिस्ट्री आणि अप्लाइड कंपोनंट. एफवायला प्रत्येक विषयाची सेमिस्टरला ६ क्रेडिट, एसवायला ९, टीवायला केमिस्ट्रीची १६ आणि अप्लाइड कंपोनंटची ४. पहिली दोन वर्षं दर सेमिस्टरला फाउंडेशन कोर्सची २. केमिस्ट्रीची बेरीज १२ अधिक १८ अधिक ३२, म्हणजे ६२. दीडने गुणलं की ९३ ईसीटीएस. अप्लाइड कंपोनंट केमिस्ट्रीतलाच असेल तर आणखी ८ क्रेडिट, म्हणजे १०५. फिजिक्स ४५, मॅथ्स १८, फाउंडेशन १२. बेरीज बरोबर १८०.

आता अभ्यासक्रमाची अट अशी धरू: केमिस्ट्री किमान ९०, त्यात फिजिकल केमिस्ट्री किमान १५. पहिली अट पार पडली. दुसरीसाठी तपासणारा माणूस मार्कशीट उघडतो. टीवायचा पेपर एक फिजिकल केमिस्ट्रीचा. दोन सेमिस्टरची थिअरी ५ क्रेडिट, प्रॅक्टिकलमधला त्याचा वाटा ३, मिळून ८, म्हणजे १२ ईसीटीएस. एफवाय आणि एसवायच्या ओळींवर नुसतं ‘केमिस्ट्री पेपर वन’, ‘केमिस्ट्री पेपर टू’ लिहिलेलं. त्यातून त्याला काही कळत नाही. हिशोब १२ वर थांबतो आणि तीन ईसीटीएससाठी अर्ज बाद होतो.

त्या पेपरांच्या पोटात मात्र फिजिकल केमिस्ट्री असतेच. पेपरमध्ये फिजिकल, इनऑरगॅनिक आणि ऑरगॅनिकची एकेक युनिट सारख्या वजनाची असेल, तर एफवायच्या १२ क्रेडिटमधला तिसरा हिस्सा ४, म्हणजे ६ ईसीटीएस. एसवायचे असे मिश्र थिअरी पेपर दोन, सेमिस्टरला ४ क्रेडिट, वर्षाची ८. त्याचा तिसरा हिस्सा दीडने गुणला की ४ ईसीटीएस. बारा, सहा आणि चार मिळून २२. तोच विद्यार्थी, तीच मार्कशीट, पण आता अट पार. फरक पडला तो युनिटवार कागद जोडल्यामुळे.

हा कागद म्हणजे मॉड्यूल हँडबुक. आपल्या विद्यापीठांकडून तो तयार मिळत नाही. सिलॅबसवरून स्वतः करावा लागतो. प्रत्येक पेपरचा कोड, मार्कशीटवर छापलेलं नाव जसंच्या तसं, क्रेडिट, थिअरीच्या तासिका, प्रॅक्टिकलचे तास, युनिटची नावं आणि प्रत्येकात काय शिकवलं ते तीन-चार ओळींत. शेवटी वापरलेली पुस्तकं. सिलॅबस तुमच्या प्रवेशाच्या वर्षाचाच घ्या. मध्ये सिलॅबस बदललेला असतो, कोड जुळत नाहीत, आणि तपासणाऱ्याला वाटतं तुम्ही दुसऱ्याच कुणाचा जोडलाय. वर विभागप्रमुखांची सही आणि कॉलेजचा शिक्का घ्या. काही विद्यापीठं स्वतःचा तक्ता देतात, डाव्या बाजूला त्यांचे विषय आणि उजवीकडे तुमचे पेपर. एकच पेपर दोन ओळींत पूर्ण क्रेडिटने दाखवू नका. लगेच पकडलं जातं, आणि मग बाकीच्या तक्त्यावरही विश्वास राहत नाही.

सह्या-शिक्के गणपतीच्या आधी उरकून घ्या. नंतर कॉलेजात कोण भेटेल सांगता येत नाही. ट्रान्सस्क्रिप्ट विद्यापीठाचं लागतं, कॉलेजचं पुरत नाही.

गुणांचा हिशोब त्या मानाने सोपा. जर्मनीत १ सर्वांत चांगला आणि ४ म्हणजे जेमतेम पास. सूत्र असं:

```
x = 1 + 3 * (Nmax - Nd) / (Nmax - Nmin)
```

`Nmax` म्हणजे मिळू शकणारा सर्वोच्च गुण, `Nmin` म्हणजे पास होण्याचा किमान गुण, `Nd` म्हणजे तुमचा. दहाच्या मोजपट्टीवर पास ४ ला असेल आणि तुमचा सीजीपीआय ८.१ असेल, तर १.९ गुणिले ३ भागिले ६ अधिक १, म्हणजे १.९५. उलटं करून बघितलं तर ‘२.५ किंवा त्याहून चांगला’ या अटीला किमान ७.० सीजीपीआय लागतो. अडचण येते ती `Nmin` मुळे. पास होण्याचा गुण कागदावर कुठेच छापलेला नसेल तर समोरचा स्वतःच्या अंदाजाने धरतो. ट्रान्सस्क्रिप्टच्या मागे ग्रेडचा तक्ता आहे ना, हे घेतानाच बघा, आणि स्कॅन करताना मागची बाजूही करा. ती बाजू सर्रास राहते.

पदवी मान्य आहे का, हे `anabin` या जर्मन डेटाबेसवर बघतात. तिथे कॉलेजचं नाव शोधू नका, बहुतेक सापडणार नाही. पदवी देणारं विद्यापीठ शोधा. त्यापुढे `H+` दिसलं म्हणजे ते जर्मनीत विद्यापीठ म्हणून मान्य आहे, एवढाच त्याचा अर्थ. तुमचा प्रवेश त्यावरून ठरत नाही. भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. फी १८,००० रुपये. तेही कागद खरे आहेत एवढंच सांगतं, ईसीटीएस काढून देत नाही. `uni-assist` ही संस्था बऱ्याच विद्यापीठांसाठी अर्जांची प्राथमिक तपासणी करते, पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०. विषयवार क्रेडिट विद्यापीठातच बघतात. म्हणजे `uni-assist` मधून पुढे गेलेला अर्जही नंतर क्रेडिटवर पडू शकतो. यात विरोधाभास नाही, तपासणाऱ्या खिडक्याच वेगळ्या.

नावाचा एक घोळ खास आपला. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव: सावंत रश्मी विजय सुनीता. जर्मन कारकून शेवटचा शब्द आडनाव समजतो आणि पासपोर्टवरच्या सावंतशी तो जुळत नाही. मुलींच्या नावाआधी एक तिरकी रेघ छापलेली असते, ती त्यांना टायपिंगची चूक वाटते. दोन्ही गोष्टी चार ओळींत समजावणारं पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर घेऊन ठेवा.

जर्मनीत येऊन पोचलेल्यांसाठी. प्रवेशपत्रात ‘आउफ्लागे’ शब्द असेल तर प्रवेश अटीवर मिळालाय. कमी पडलेले विषय, बहुतेक ठिकाणी जास्तीत जास्त ३० ईसीटीएसचे, पहिल्या वर्षात बॅचलरच्या मुलांबरोबर बसून पास व्हायचे. ते मास्टर्सच्या १२० मध्ये धरले जात नाहीत. पहिल्या सेमिस्टरला मास्टर्सचे ३० अधिक आउफ्लागेचे १२ असा भार घेतला की पार्टटाइम काम आधी सुटतं, म्हणून वेळापत्रक त्या हिशोबाने लावा. मुदतीत झाले नाहीत तर प्रवेश रद्द होऊ शकतो.

इकडे येण्यापूर्वी एमएस्सी पार्ट वन केलेल्यांच्या हातात मात्र एक हुकमी पत्ता असतो. पदवीची क्रेडिट पदवी मिळवण्यात खर्च झाली, ती मास्टर्समध्ये पुन्हा चालत नाहीत. पार्ट वनची शिल्लक आहेत. ती एकतर आउफ्लागे भरून काढायला वापरता येतात, किंवा मास्टर्सच्या विषयांऐवजी मान्य करून घेता येतात. एकच पेपर दोन्हीकडे नाही. अर्ज परीक्षा समितीकडे, पेपरागणिक वेगळा, प्रत्येकासोबत वरच्यासारखंच मॉड्यूलचं वर्णन. त्या विषयाच्या परीक्षेला नाव नोंदवण्याआधीच तो द्या. एकदा परीक्षा दिली की बऱ्याच ठिकाणी जुना पेपर मान्य करत नाहीत, आणि मान्य झालेला पेपर त्याचे गुणही सोबत घेऊन येतो. पार्ट वनला काठावर पास झालेला विषय असेल तर तो इथे पुन्हा केलेला बरा.