दहा किलो मटण गेलं कुठं?

साताऱ्याजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात स्टोअर सांभाळायला लागलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात फूड कॉस्ट, म्हणजे विक्रीच्या किती टक्के पैसा मालावर गेला, ते काढताना मी चुकलो. सुरुवातीचा साठा 82,000, महिन्याची खरेदी 4,35,000 आणि अखेरचा साठा 73,000 रुपये. म्हणजे वापरला गेलेला माल 4,44,000 रुपयांचा. इथवर बरोबर होतं. पण भागायला मी गल्ल्याची 12,60,000 ही रक्कम घेतली आणि 35 टक्के काढले. त्यात 5 टक्के जीएसटी होता, आणि तो काही आपला नव्हे. खरी विक्री 12,00,000, म्हणून फूड कॉस्ट 37 टक्के. खरेदीवर भरलेला जीएसटी मात्र खर्चातच धरायचा, कारण 5 टक्केवाल्या हॉटेलला त्याची वजावट मिळत नाही.

दुसरा घोळ साठा मोजण्याचा. मोजणी रात्री किचन बंद झाल्यावरच करा. सकाळी आलेला माल साठ्यात धरला आणि त्याचं बिल पुढच्या महिन्यात चढलं, तर टक्केवारी उगाच कमी दिसते. फ्रीजमधलं वाटण आणि शिजवून ठेवलेलं मटणही मोजायचं.

आमच्या रेसिपी कार्डांप्रमाणे खर्च 33 टक्के यायला हवा होता. चार टक्के म्हणजे महिन्याला 48,000 रुपये. त्यातले 14,000 स्टाफच्या जेवणाचे निघाले, ते कुणी वेगळे लिहीतच नव्हतं. बाकीच्यांसाठी मी चार दिवस कचऱ्याचा डबा तपासत बसलो. कांद्याच्या साली सोडून हाती काही लागलं नाही.

मग सगळं सोडून सगळ्यात महाग माल धरला आणि फक्त मटणाचा एका आठवड्याचा हिशेब मांडला. सुरुवातीला 6 किलो होतं, 62 आलं, 4 उरलं. म्हणजे 64 किलो वापरलं. बिलांवर थाळ्या 360. थाळीला कच्चं मटण 150 ग्रॅम, म्हणजे 54 किलो पुरायला हवं होतं. दहा किलो जास्त! आम्हाला पडणाऱ्या 750 च्या भावाने आठवड्याला साडेसात हजार.

चोरीची शंका आली, खोटं कशाला बोलू. वस्तादांना विचारलं तर ते म्हणाले, "थाळीला चारच पीस घालतोय की, मोजून बघा." मोजले. चारच होते. पण शिजवण्याआधी पीस काट्यावर टाकले तर एकेक सरासरी 44 ग्रॅमचा! चार पीसांचे 176 ग्रॅम. गुणिले 360, म्हणजे 63 किलोच्या वर. चोर सापडला: खाटकाची सुरी.

खाटकाला 37-38 ग्रॅमचे पीस करायला सांगितले आणि रोज माल घेताना वीस पीस एकत्र तोलायला लागलो. पाऊण किलोच्या आसपास भरले तरच माल आत. पहिल्या दिवशी 840 ग्रॅम भरले, तेव्हा खाटीक माझ्याकडे आणि मी काट्याकडे बघत राहिलो.