मामांचा ‘कामा’

मामा नागपूरच्या महाल भागात राहतात. बोटं थरथरतात, म्हणून ते फोनवर बोलूनच टाईप करतात. परवा त्यांचा मेसेज आला:

मी बर्डीवर येत नाही कामा तू संत्री घेऊन घरी ये फुल स्टॉप

मी वाचलं, मामा बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कामाला येत नाहीत. पण मामा तर कधीचेच रिटायर झालेत! फोन केला तर ते म्हणाले, “कामा काहून वाचतेस? मी कॉमा म्हटलं.” मग पुन्हा मोठ्याने वाचलं. त्या शब्दाआधी वाक्य पुरं होत होतं आणि ‘तू’पासून नवी गोष्ट सुरू होत होती, म्हणजे तो शब्द नव्हे, चिन्हच. “मी बर्डीवर येत नाही, तू संत्री घेऊन घरी ये.”

त्यांच्या फोनवर मराठीत बोलताना चिन्हाचं नाव अक्षरांतच उमटतं. आधी मी जुन्या मजकुरात सगळीकडे ‘कामा’च्या जागी स्वल्पविराम घातला, तर ‘कामाला’चं ‘,ला’ झालं. (मामा हसले बरं.) म्हणून आता एकेक जागा बघूनच बदलते. चिन्हाआधीची मोकळी जागाही काढावी लागते, नाहीतर स्वल्पविराम शब्दापासून तुटून उभा राहतो.

मामांना सांगितलं, चिन्हं बोलूच नका. एक वाक्य बोला, माईक थांबवा, कीबोर्डवरचं टिंब दाबा, मग पुढचं बोला. स्वल्पविराम ते गाळतात. त्याऐवजी वाक्यंच छोटी करतात.