किचनच्या शटरला लॅमिनेट, अ‍ॅक्रेलिक की मेम्ब्रेन? ठरवायचं कसं

शोरूममध्ये तिन्ही सॅम्पल शेजारी शेजारी ठेवले ना की तिन्ही छानच दिसतात, म्हणून तिथे उभं राहून ठरवूच नका. आमच्या घरी मेम्ब्रेनचं किचन होतं, चौथ्या पावसाळ्यात ओव्हनच्या बाजूच्या शटरची कड सुटली, आणि तेव्हा कुठे कळलं की प्रश्न तीनपैकी भारी कुठलं हा नसून कुठलं फिनिश कुठे लावायचं हा आहे.

पहिलं काम, आपल्याच ओट्यासमोर उभं राहून खडूने खुणा करा. गॅसच्या दोन्ही बाजू, ओटीजी किंवा ओव्हनचा शेजार आणि कुकरची वाफ जिथे वर जाते ते वरचं कपाट, ही झाली गरम जागा. सिंकखालचं शटर ओली जागा. आणि रोज पीठ-तेलाच्या हाताने उघडतो ते मसाल्याचं, डब्यांचं कपाट, तिथे पुसापुशी सगळ्यात जास्त. फिनिश म्हातारं होतं ते या तीन जागी, बाकीचं किचन दहा वर्षांनीही बरं दिसतं.

आता मेम्ब्रेन म्हणजे काय ते बघू. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाच्या, पाटीवर मशीनने डिझाइन कोरतात, गम मारतात आणि पीव्हीसीची पातळ फिल्म गरम करून व्हॅक्यूमने त्यावर ओढून बसवतात. पुढच्या बाजूला आणि कडांना जोड नसतो म्हणून एज बँड, म्हणजे कडेला चिकटवायची पट्टी, लागत नाही, कोरीव पारंपरिक डिझाइन हवं असेल तर हेच सोपं पडतं. पण ती फिल्म ताणून बसवलेली असते, रोज उष्णता लागली की गम मऊ होतो आणि फिल्म परत आकसायला बघते. सुरुवात बहुतेक वेळा मागच्या कडेला होते, जिथे फिल्म संपते तिथे. आमच्याकडे आधी तिथे नखाएवढी पांढरी रेघ दिसली, मी दुर्लक्ष केलं, मग आत वाफ गेली, एमडीएफ फुगला आणि फिल्म सालीसारखी निघून आली. सुताराने गम लावून दाबून दिली, दोन महिन्यांत परत सुटली, कारण आकसलेली फिल्म कडेपर्यंत पुरतच नाही. शेवटी नवीन शटर करावं लागलं आणि जुन्या पांढऱ्या शटरांवर तोवर पिवळसर झाक आलेली, त्यामुळे नवीन वेगळंच उठून दिसतं. म्हणून गरम आणि ओल्या जागी मेम्ब्रेन नको, वरच्या कोरड्या कपाटांना चालेल.

अ‍ॅक्रेलिकचं वेगळं आहे. ते सहसा पिवळं पडत नाही, रंग आणि आरशासारखी चमक टिकते, पण पृष्ठभाग नाजूक. कोरड्या फडक्याने धूळ पुसली की केसासारखे बारीक ओरखडे येतात, ते पहिल्या वर्षी दिसत नाहीत, तिसऱ्या-चौथ्या वर्षी संध्याकाळी ट्यूब लावली की गोल गोल जाळी दिसायला लागते, काळ्या आणि गडद रंगावर तर फारच. साबणाचं पाणी आणि मऊ ओलं फडकं एवढंच वापरायचं, थिनर, स्पिरिट, काच पुसायचा स्प्रे लावलात तर चमक मरते. ओरखडे हलके असतील तर पॉलिश करून बरेच जातात, हा त्याचा मोठा फायदा. घेताना मात्र सॅम्पलची कड बघा आणि विचारा की हे खरं 1 ते दीड मिमीचं अ‍ॅक्रेलिक आहे की नुसती चकचकीत पीव्हीसी फिल्म, कारण दोन्ही अ‍ॅक्रेलिक म्हणूनच विकतात. मग सॅम्पल ट्यूबखाली तिरकं धरा, ट्यूबचं प्रतिबिंब सरळ दिसलं पाहिजे, लाटा दिसल्या तर चिकटवण्यात गडबड आहे.

लॅमिनेट, म्हणजे आपण सगळे सनमायका म्हणतो ते, यात मधला पृष्ठभाग जवळजवळ म्हातारा होतच नाही. 1 मिमीचं घ्या, पातळ नको. म्हातारी होते ती कड. एज बँडचा गम वाफेने सुटतो, आधी तिथे काळी चिकट रेघ दिसते (तेल आणि धूळ), मग पट्टी उचकटते. इथे मात्र दुरुस्ती सोपी, वेळीच लक्ष दिलं तर सुतार अर्ध्या तासात पट्टी परत चिकटवून देतो. पांढरं मॅट आवडलं असेल तर सॅम्पलवर हळद-तेल रात्रभर ठेवून सकाळी पुसून बघा, कळेल काय ते.

मग आम्ही दुसऱ्यांदा काय केलं, तर ओट्याखाली सगळीकडे मॅट लॅमिनेट, मरीन प्लायवर, सिंकखालच्या शटरच्या खालच्या कडेलाही पट्टी लावून घेतली कारण सुतार ती कड हमखास उघडी सोडतात. समोरच्या भिंतीचं उंच कपाट अ‍ॅक्रेलिकचं, तिथे तेल उडत नाही. मेम्ब्रेन कुठेच नाही.

कोटेशनवर फिनिशचं नुसतं नाव नको, जाडी, आतला बोर्ड, एज बँडची जाडी आणि लॅमिनेटचा कोड नंबर लिहून घ्या. डिझाइन दोन-चार वर्षांत बंद होतात, त्यामुळे उरलेला शीटचा तुकडा सुताराला नेऊ देऊ नका, माळ्यावर आडवा ठेवून द्या, एखादं शटर बदलायची वेळ आली की तोच कामाला येतो.